प्राध्यापकांना शंका विचारणारे पत्र कसे लिहावे? (‘प्रयोग’ या घटकाच्या उदाहरणासह)

परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली की मराठीच्या शिक्षकांकडे एक ठरलेली चिठ्ठी येते.

“सर, मला प्रयोग समजत नाही. कृपया समजावून सांगा.”

माझ्याकडे दरवर्षी अशा चिठ्ठ्या येतात, आणि खरं सांगतो, मला त्यांना उत्तर देता येत नाही. प्रयोग हा घटक वर्गात शिकवायला मला पाच-सहा तासिका लागतात. त्या पाच-सहा तासिकांमधलं नेमकं काय निसटलं, हे चिठ्ठीत लिहिलेलंच नसतं. मग मी “वहीतल्या व्याख्या पुन्हा पाहा” एवढंच लिहून चिठ्ठी परत करतो. विद्यार्थ्याला वाटतं, सरांनी टाळलं. मला वाटतं, याने वही उघडलीच नसेल. बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं. वही त्याने उघडलेली असते, पण आपण कुठे अडलो ते त्याला सांगता आलेलं नसतं.

म्हणून आज आपण हेच पत्र नीट लिहून पाहू. पत्राचा नमुना तर बघूच, पण त्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची आहे. उदाहरण म्हणून आपण बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी घेऊ. त्याची परीक्षा १६ मार्चला आहे आणि तो प्रयोगात अडला आहे.

पत्राआधीची तयारी

कोरा कागद घ्या. पुस्तक बंद करा. व्याख्या आपल्या शब्दांत लिहा. आपल्या विद्यार्थ्याने असं लिहिलं :

क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदललं तर कर्तरी प्रयोग. कर्माप्रमाणे बदललं तर कर्मणी प्रयोग. दोघांप्रमाणेही न बदलता नपुंसकलिंगी एकवचनी राहिलं तर भावे प्रयोग.

व्याख्या बरोबर आहे. म्हणजे त्याची अडचण व्याख्येत नाही. आता पुस्तकातली दहा वाक्यं घ्या, उत्तरं झाकून स्वतः सोडवा आणि मग ताडून पाहा. त्याची सात उत्तरं बरोबर आली, तीन अडली. ती तीन वाक्यं अशी :

१. तिने मूल उचलले. (त्याचं उत्तर भावे, पुस्तकात कर्मणी)
२. मी आंबा खाल्ला. (त्याचं उत्तर कर्तरी, पुस्तकात कर्मणी)
३. तू पत्र लिहिलेस. (त्याला उत्तर सुचलं नाही, पुस्तकात कर्तृ-कर्म संकर)

बघा, “प्रयोग समजत नाही” या मोठ्या तक्रारीची आता तीन छोटी वाक्यं झाली. पण लगेच पत्र लिहायला बसू नका. प्रत्येक वाक्यावर आधी एकदा स्वतः झटून बघा.

पहिलं वाक्य घेऊ. ‘तिने मूल उचलले.’ इथे क्रियापद ‘उचलले’ असं नपुंसकलिंगी एकवचनी आहे, म्हणून त्याने भावे म्हटलं. पण गंमत अशी की ‘मूल’ हा शब्दही नपुंसकलिंगी एकवचनीच आहे! मग क्रियापद कर्माप्रमाणे चाललंय की आपलं आपण तसं राहिलंय, हे कसं ओळखायचं? कर्म बदलून बघायचं.

तिने मूल उचलले.
तिने बाहुली उचलली.
तिने दगड उचलला.

कर्म बदललं तसं क्रियापद बदललं. म्हणजे हा कर्मणी. आता कर्माला ‘ला’ लावून पाहा.

तिने मुलाला उचलले.
तिने मुलीला उचलले.
तिने मुलांना उचलले.

इथे मुलगा असो, मुलगी असो, चार मुलं असोत, क्रियापद ‘उचलले’ वरून हलत नाही. हा भावे. दोन्हीकडे क्रियापद दिसायला एकच, पण प्रयोग वेगळा. नुसतं रूप बघून प्रयोग ओळखता येत नाही, तो शब्द बदलूनच ओळखावा लागतो. व्याख्येत ‘बदललं तर’ असं म्हटलंय ते यासाठीच. आपल्या विद्यार्थ्याला व्याख्या पाठ होती, पण त्याने बदल करून पाहिलाच नव्हता.

म्हणजे पहिलं वाक्य पत्रातून गेलं. त्याचं उत्तर त्याला स्वतःलाच सापडलं.

दुसऱ्या वाक्यालाही हीच युक्ती लावू. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी फळ खाल्ले. क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय, म्हणजे कर्मणी. उत्तर पटलं. पण एक काटा राहिलाच. वर्गात सांगितलं होतं की अशा कर्मणी वाक्यात कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ हा प्रत्यय लागतो. ‘त्याने’, ‘तिने’, ‘मुलांनी’. मग ‘मी’ला तो का नाही? शिवाय पुस्तकात थोडं पुढे ‘मी चावी विसरलो’ हे वाक्य कर्तरीत दिलंय. तिथेही ‘मी’ आहे आणि कर्मही आहे. मग हे वेगळं का? इथे तो खरोखर अडला.

तिसऱ्या वाक्यात अडचण आणखी वेगळी आहे. शाळेत त्याने तीनच प्रयोग शिकले होते. आता संदर्भपुस्तकात संकर प्रयोग हा नवा प्रकार आला. परीक्षेत ‘तू पत्र लिहिलेस’ आलं तर काय लिहायचं, कर्मणी की संकर? आणि कारण काय द्यायचं?

अर्ध्या तासाच्या या तयारीने तीन शंकांच्या दोन झाल्या, आणि त्या दोन्ही नेमक्या आहेत. आता पत्र लिहायचं.

पत्राचा नमुना

दिनांक : ६ मार्च

प्रति,
मा. प्राध्यापक,
मराठी विभाग,
(महाविद्यालयाचे नाव व गाव)

विषय : ‘प्रयोग’ या घटकातील दोन शंकांबाबत.

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मी बी. ए. द्वितीय वर्षाचा (मराठी) विद्यार्थी आहे. आपली व्याकरणाची परीक्षा १६ मार्च रोजी आहे. ‘प्रयोग’ या घटकाचा अभ्यास करताना माझ्या दोन शंका राहिल्या आहेत.

पहिली शंका : ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यात कर्म बदलले की क्रियापद बदलते (चिंच खाल्ली, फळ खाल्ले), म्हणून ते कर्मणी आहे हे मला समजले. परंतु येथे कर्त्याला ‘ने’ प्रत्यय का नाही? तसेच ‘मी चावी विसरलो’ या वाक्यातही ‘मी’ आणि कर्म दोन्ही असून ते कर्तरी कसे?

दुसरी शंका : ‘तू पत्र लिहिलेस’ हे वाक्य संदर्भपुस्तकात कर्तृ-कर्म संकर म्हणून दिले आहे. शाळेतील पुस्तकात हा प्रकार नव्हता. मला ते कर्मणी वाटते, कारण ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ असे क्रियापद बदलते. परीक्षेत कोणते उत्तर अपेक्षित आहे आणि त्याचे कारण काय द्यावे?

आपल्या सवडीने १२ तारखेपर्यंत दोन ओळींत लिहून कळवले तरी चालेल. आपण वेळ दिल्यास विभागात येऊन भेटेन.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपला नम्र विद्यार्थी,
अ. ब. क.
बी. ए. द्वितीय वर्ष, हजेरी क्रमांक ४२

या पत्रात काय आहे, ते का आहे?

विषयाची ओळ पाहा. ‘अभ्यासाबाबत’ किंवा ‘शंकेबाबत’ असं मोघम न लिहिता घटकाचं नाव आणि शंकांची संख्या दिली आहे. हातात शंभर पेपर असलेल्या माणसाला ही एक ओळ वाचून कळतं की हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पाच-दहा मिनिटांचं काम लगेच होतं, तासाभराचं काम ‘उद्या बघू’ या ढिगात जातं.

प्रत्येक शंकेत तीन गोष्टी आहेत : मूळ वाक्य, मला कुठपर्यंत समजलं, आणि त्यापुढे काय अडलं. यातली मधली गोष्ट मुलं हमखास गाळतात. त्यांना वाटतं, आपलं चुकीचं उत्तर सरांना कशाला दाखवायचं? पण शिक्षकाला चुकीच्या उत्तरातच सगळं दिसतं. ‘मला ते कर्मणी वाटते, कारण…’ हे वाक्य वाचलं की मला कळतं, या मुलाने कर्म बदलून पाहिलंय, कर्ता बदलून पाहिला नाही. मग मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पुस्तकाचा उल्लेख. मराठी व्याकरण वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या अभ्यासकांनी मांडलं आहे. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ मधलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मधलं, आणि त्यानंतरही पुष्कळ पुस्तकं आली. त्यामुळे एकाच वाक्याला दोन पुस्तकांत दोन नावं मिळू शकतात. तुम्ही कोणतं पुस्तक बघताय हे सांगितलं नाही, तर शिक्षक एका पुस्तकातलं उत्तर देतील आणि तुमचा गोंधळ वाढेल. तुमच्या पत्रात ‘संदर्भपुस्तक’ एवढंच न लिहिता पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक जरूर द्या.

आणि मुदत. ‘१२ तारखेपर्यंत’ असं नम्रपणे लिहिलेलं चालतं, उलट त्याने मदतच होते. परीक्षा १६ ला आहे म्हणजे उत्तर मिळाल्यावर सराव करायला चार दिवस उरतात. हेच पत्र १५ तारखेला रात्री पाठवलं असतं तर उत्तर येऊनही उपयोग नव्हता.

सरांचे उत्तर कसे येईल?

असं पत्र आलं तर मी पुढीलप्रमाणे उत्तर देईन.

“चि. विद्यार्थी,
पत्र मिळाले. दोन्ही शंका चांगल्या आहेत.

पहिली शंका. मी, आम्ही, तू, तुम्ही ही चार सर्वनामे फसवी आहेत. प्रथमेत आणि अशा वाक्यातल्या तृतीयेत त्यांचे रूप सारखेच दिसते. म्हणून ‘मी’च्या जागी ‘तो’ किंवा ‘त्याने’ ठेवून बघ. ‘त्याने आंबा खाल्ला’ असे आपण म्हणतो, ‘तो आंबा खाल्ला’ असे म्हणत नाही. म्हणजे तिथला ‘मी’ तृतीयेतला आहे, प्रत्यय फक्त दिसत नाही. आता दुसरे वाक्य घे. ‘तो चावी विसरला’ असे आपण म्हणतो. म्हणजे तिथला ‘मी’ प्रथमेतला. ‘ती चावी विसरली’, ‘ते चावी विसरले’ असे कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते, म्हणून कर्तरी. विसरणे, शिकणे, बोलणे अशी काही थोडी क्रियापदे कर्म घेऊनही भूतकाळात कर्तरीच राहतात. ती लक्षात ठेव.

दुसरी शंका. तू कर्म बदलून पाहिलेस, ते बरोबर केलेस. आता कर्म तेच ठेव आणि कर्ता बदल. ‘तू पत्र लिहिलेस’, ‘तुम्ही पत्र लिहिलेत’. शेवटचा ‘स’ जाऊन ‘त’ आला. म्हणजे ‘लिहिले’ हा भाग कर्माप्रमाणे चालतो आणि शेवटचे अक्षर कर्त्याप्रमाणे. एकाच क्रियापदात दोन्ही प्रयोगांची खूण आहे, म्हणून कर्तृ-कर्म संकर. आपल्या अभ्यासक्रमातल्या संदर्भपुस्तकात संकर प्रयोग आहे, तेव्हा तेच उत्तर लिही आणि कारण म्हणून ही दोन उदाहरणे दे. ‘मी पत्र लिहिले’, ‘त्याने पत्र लिहिले’ यांत अशी खूण नाही, ते साधे कर्मणी.”

एवढं उत्तर लिहायला मला दहा मिनिटं लागतील. “प्रयोग समजावून सांगा” या चिठ्ठीला मात्र दहा पानंही पुरली नसती.

ही युक्ती कुठे फसते?

शब्द बदलून बघण्याची ही रीत आपल्या कानावर अवलंबून आहे. ‘असं आपण म्हणतो का?’ हे आपण कानालाच विचारतो. पण घरची बोली आणि पुस्तकातली भाषा यांत फरक असला तर कान वेगळंच उत्तर देतो.

सोलापूरकडच्या बोलण्यात ‘मी काम केलो’ असं ऐकू येतं. तिथल्या मुलाने कानाला विचारलं तर त्याला हे वाक्य कर्तरी वाटणार, आणि त्याच्या बोलीपुरतं ते बरोबरही आहे! बोली चुकीची नसते. पण परीक्षेतलं वाक्य प्रमाण मराठीतलं असतं, तिथे ‘मी काम केले’ आहे आणि ते कर्मणी आहे. म्हणून बदल करताना प्रश्नपत्रिकेतलं वाक्य जसंच्या तसं समोर ठेवा.

‘तू पत्र लिहिलेस’चंही तसंच. बोलताना आपल्यापैकी कितीतरी जण ‘तू पत्र लिहिलं’ म्हणतात, तो ‘स’ लावतच नाहीत. ‘स’ गेला की कर्त्याची खूण गेली, आणि वाक्य साधं कर्मणी होतं. संकर प्रयोग मुलांना परका वाटतो याचं एक कारण हेच असावं. जो ‘स’ आपण बोलतच नाही, तो व्याकरणात कसा दिसणार? तेव्हा वाक्य वाचताना क्रियापदाचं शेवटचं अक्षर नीट बघा.

तुमची शंका अशी बोलीतून आली असेल तर पत्रात ते लाजू नका. ‘आमच्याकडे असे बोलतात, म्हणून मला हे कर्तरी वाटले’ असं सरळ लिहा. शिक्षकाला गोंधळाचं मूळ एका वाक्यात कळतं.

पत्रात हे टाळा

‘महत्त्वाचे प्रश्न सांगा’ ही मागणी शंकेच्या पत्रात घालू नका. ती एक ओळ आली की वरची खरी शंकाही निमित्त वाटू लागते. ‘आपण हा भाग घाईत शिकवला’ असं दोषारोप करणारं वाक्यही नको. तुम्ही त्या दिवशी गैरहजर असाल तर तसं सांगा, म्हणजे शिक्षक वर्गातल्या उदाहरणांचा संदर्भ देणार नाहीत.

मायन्यात ‘सादर नमस्कार’ पुरेसा आहे. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’. तो मायना बरोबरीच्या किंवा साध्या ओळखीच्या माणसाला शोभतो, गुरुजनांना नाही. शेवटी ‘आपला विश्वासू’ हे कार्यालयीन पत्रात ठीक, इथे ‘आपला नम्र विद्यार्थी’ किंवा ‘आपली नम्र विद्यार्थिनी’ लिहा. ई-मेलने पाठवणार असाल तर मजकूर हाच, फक्त विषय वरच्या विषयाच्या चौकटीत लिहायचा. पुस्तकाच्या पानाचा फोटो नुसता पाठवू नका. ज्या वाक्यात अडलात ते वाक्य टाइप करा.

सरावासाठी

खालची वाक्यं कर्म बदलून, मग कर्ता बदलून सोडवा. उत्तरं खाली आहेत, पण आधी झाका.

१. आम्ही पोळ्या खाल्ल्या.
२. पोलिसांनी चोराला पकडले.
३. ती कविता विसरली.
४. तुम्ही मला पुस्तक दिलेत.
५. मुलांनी झाड लावले.

उत्तरे : (१) कर्मणी. ‘आम्ही’च्या जागी ‘त्यांनी’ बसतं, आणि पोळी खाल्ली, भात खाल्ला असं बदलतं. (२) भावे. चोराला, चोरांना, बाईला, काहीही ठेवा, ‘पकडले’ तसंच राहतं. (३) कर्तरी. इथे ‘ती’ आणि ‘कविता’ दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने फसगत होते. ‘तो कविता विसरला’ असं करून बघा. (४) कर्तृ-कर्म संकर. ‘तुम्ही मला वही दिलीत’, ‘तू मला पुस्तक दिलेस’. (५) कर्मणी. ‘मुलांनी वेल लावली’, ‘मुलांनी गुलाब लावला’.

यातलं एखादं वाक्य चुकलं, तर कोणता शब्द बदलल्यावर गोंधळ झाला ते वहीत टिपून ठेवा. पुन्हा प्रयत्न करूनही सुटलं नाही, तर ती टिपलेली ओळच तुमच्या पत्रातली पहिली शंका.